बोटावरचा आकडा : केव्हा थांबावे, केव्हा निघावे



२०२० आणि २०२१ सालच्या करोनाच्या दिवसांत आपल्यापैकी पुष्कळांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर विकत घेतले. साथ ओसरली आणि यंत्र कपाटात गेले. आता घरात कोणाला ताप-खोकला झाला, कोणाचा दमा उठला, की ते बाहेर निघते. बोटाला लावले जाते, आकडा दिसतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आत्ताच दवाखान्यात चला. दुसरा म्हणतो, आकडा तर बरा आहे, सकाळी पाहू. या दोघांत खरे कोणाचे, हे कसे ठरवायचे ते आज सांगणार आहोत.

आधी एक छोटा प्रसंग. मागे एकदा रात्री अकराच्या सुमारास शेजारचा मुलगा धावत आमच्याकडे आला. "काका, लवकर चला, बाबांचा ऑक्सिजन शहाऐंशी झालाय!" आम्ही गेलो. बाबा खाटेवर बसून चहा पीत होते. दम नाही, धाप नाही. यंत्र पाहिले तर पोराने ते उलट्या बाजूने वाचले होते. यंत्रावरचे आकडे इंग्रजी असतात. 98 उलटे पाहिले की 86 दिसते. सगळे हसले. पण घरी परतताना आमच्या मनात आले, हाच घोटाळा दुसऱ्या बाजूने झाला तर? खरोखर 86 असताना कोणी 98 वाचले आणि पांघरूण घालून झोपले तर? म्हणून आकडा वाचणाऱ्याने नेहमी दोन गोष्टी पाहाव्यात. अक्षरे सुलट दिसतात ना, आणि माणूस कसा दिसतो.

यंत्र नेमके काय मोजते?

आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असते. ते म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्या समजा. फुफ्फुसात या गाड्या भरतात आणि सर्व शरीरात जाऊन रिकाम्या होतात. शंभर गाड्यांपैकी किती भरलेल्या आहेत, ते यंत्र सांगते. ९७ म्हणजे शंभरातल्या ९७ भरलेल्या.

हे ते रक्त न काढता कसे ओळखते? चिमट्याच्या एका बाजूने तांबडा प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा दुसरा एक प्रकाश बोटातून जातो. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. पलीकडे किती प्रकाश पोचला, त्यावरून यंत्र हिशेब करते. नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमी-जास्त होतो, तेवढाच ते विचारात घेते. ही युक्ती जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली शोधली. यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोटात नाडीच नीट पोचत नसेल, तर यंत्राचा हिशेब चुकणारच.

यंत्रावर दोन आकडे दिसतात. SpO2 लिहिलेला तो प्राणवायूचा, PR लिहिलेला तो नाडीचा. पुष्कळ घरांत या दोहोंची अदलाबदल होते. नाडी ८८ असणे काही वावगे नाही. प्राणवायू ८८ असणे ही धावपळीची वेळ आहे.

मोजण्याची पद्धत

रोग्याला खुर्चीवर किंवा भिंतीला टेकवून पाच मिनिटे स्वस्थ बसू द्यावे. हात गार असेल तर चोळून ऊबदार करावा. नखावर गडद नेलपॉलिश असेल तर पुसावे. काळ्या मेंदीचे बोट टाळून दुसरे घ्यावे. मधले किंवा अंगठ्याजवळचे बोट चिमट्यात पूर्ण आत सारावे, हात मांडीवर किंवा छातीवर टेकवावा आणि हलवू नये. खिडकीतले ऊन यंत्रावर पडू देऊ नये. त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधलेला नसावा.

आता लगेच आकडा वाचू नका. पहिली काही क्षणे तो नाचतो. एक मिनिट थांबा. आकडा स्थिर झाला की तो लिहा. मिनिटभरात दिसलेला सर्वांत चांगला आकडा निवडून लिहिण्याची सवय बरी नव्हे. जो ठरून राहिला तोच खरा.

आकडा खरा की खोटा, हे पडताळण्याचा सोपा उपाय आहे. दुसऱ्या हाताच्या मनगटावरची नाडी घड्याळ लावून मिनिटभर मोजा. यंत्रावरचा PR आणि तुमची मोजणी जवळपास जुळली, तर बहुधा यंत्राला नाडी नीट सापडली आहे. तुम्ही ८४ मोजले आणि यंत्र ४७ किंवा १४० दाखवते, तर वरच्या प्राणवायूच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका. बोट बदला, हात बदला. तेच यंत्र घरातल्या निरोगी माणसाच्या बोटाला लावून पाहा. त्याचे ९७-९८ येते आणि रोग्याचे पुन्हा पुन्हा ८९ येते, तर दोष यंत्राचा नाही.

एका आजींची वही

आमच्या ओळखीच्या एका आजींची हकिगत सांगतो. वय ६८. बिडी-तंबाखू नाही, दमा नाही. त्यांच्या सुनेने एक शहाणपणाचे काम केले होते. सगळे धडधाकट असतानाच एका रविवारी घरातल्या प्रत्येकाचा आकडा वहीत लिहून ठेवला होता. आजींच्या नावापुढे होते : प्राणवायू ९७, नाडी ७८, मिनिटाला श्वास १८.

मग आजींना थंडी वाजून ताप आला, खोकला लागला. पहिल्या संध्याकाळी वहीत नोंद झाली : प्राणवायू ९६, नाडी ९६, श्वास २०. ताप असला की नाडी वाढतेच. काळजीचे काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राणवायू ९५, श्वास २२. संध्याकाळी प्राणवायू ९४, नाडी १०४, श्वास २४.

आजींचे म्हणणे एकच, "अगं, मला काही होत नाहीये. चौऱ्याण्णव म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव, पासच की!" पण सुनेने वही वर-खाली पाहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "आईंचा आकडा प्रत्येक वेळी खाली चाललाय, आणि श्वास वर चाललाय." तिने ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितले, सकाळी पहिल्यांदा इकडे आणा, छातीचा फोटो काढू. पण रात्रीत ९२ किंवा त्याखाली गेला, किंवा बोलताना धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका.

रात्री दोनला आजी मोरीपर्यंत जाऊन आल्या. आल्यावर खाटेच्या कडेला हात टेकून बसल्या. सुनेने यंत्र लावले : ८९. पाच मिनिटे बसवून पुन्हा लावले : ९१. श्वास मोजले : २९. आजी "पाणी दे" एवढेच म्हणाल्या, पण ते दोन शब्द दोन श्वासांत आले. मुलाने १०८ ला फोन केला. दवाखान्यात फोटो काढला तेव्हा उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला. प्राणवायू लावला, शिरेतून औषधे दिली. सहाव्या दिवशी आजी घरी आल्या.

या वहीत शिकण्यासारखे काय आहे? कोणताही एक आकडा पाहून कोणी घाबरले नाही की निर्धास्तही झाले नाही. चार गोष्टी एकत्र पाहिल्या. आजींचा नेहमीचा आकडा किती होता, तो कोणत्या दिशेने चालला आहे, मिनिटाला श्वास किती, आणि थोडे चालल्यावर काय होते. दुखणाऱ्या फुफ्फुसाला बसल्याजागी कसेबसे भागवता येते. मोरीपर्यंत चालले की त्याची उसनवारी उघडी पडते. चालल्यावर आकडा तीन किंवा त्याहून अधिक उतरला तर तो इशारा समजावा. मात्र ज्याचा बसूनच आकडा ९४ च्या खाली आहे, किंवा ज्याला आधीच धाप आहे, त्याला मुद्दाम चालवून पाहू नये.

श्वास मोजणे तर यंत्राशिवायही होते. रोग्याला सांगू नका, नाहीतर तो श्वास बदलतो. नाडी पाहत असल्यासारखा हात धरा आणि छाती-पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात. २४ झाले की डॉक्टरांना कळवावे. ३० ला पोचले की आकडा काहीही असो, निघावे.

आकड्यांच्या पायऱ्या

ज्याला फुफ्फुसाचा जुना आजार नाही, अशा मोठ्या माणसासाठी हिशेब असा धरावा. ९५ ते १०० ठीक. ९३-९४ आले तर पुन्हा नीट मोजावे, आणि तेवढेच राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ९२ किंवा त्याखाली स्थिर राहिला तर ताबडतोब दवाखाना. ९० च्या खाली म्हणजे एक क्षणही घालवू नये.

९० हीच रेघ का, असे पुष्कळ जण विचारतात. गाड्या भरण्याचा नियम सरळ नाही. फुफ्फुसात प्राणवायू कमी पडू लागला, तरी सुरुवातीला गाड्या बऱ्यापैकी भरत राहतात. म्हणून ९८ वरून ९३ वर यायला आजार बराच वाढावा लागतो आणि घरच्यांना वाटते, पाचच तर उतरले. ते पठारावरचे चालणे असते. ९० च्या आसपास पठार संपते आणि घाट लागतो. तेथून पुढे आजार थोडा वाढला, तरी आकडा भराभर कोसळतो. म्हणून घाटाच्या तोंडाशी पोचण्याआधी दवाखान्यात असायला हवे.

दुसरे असे की यंत्राचा आकडा तंतोतंत नसतो. यंत्र ९० दाखवते तेव्हा खरा आकडा ८६ ते ९४ यांच्यामध्ये कोठेही असू शकतो. त्यामुळे ९२ आणि ९३ यांवरून भांडण्यात अर्थ नाही. दिशा पाहावी.

सावळ्या रंगाचा प्रश्न

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या मिशिगनमधील डॉक्टरांनी २०२० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्त काढून तपासले, तेव्हा काही रोग्यांचा खरा आकडा ८८ च्याही खाली निघाला. गोऱ्या रोग्यांत असे शंभरातून सुमारे ४ वेळा झाले, काळ्या रोग्यांत सुमारे १२ वेळा. कातडीतला गडद रंग प्रकाश शोषतो आणि यंत्राचा हिशेब चुकतो. चुकतो तोही खोटा दिलासा देणाऱ्या बाजूने. आपल्यापैकी अनेकांचा रंग सावळा किंवा काळा आहे. म्हणून ज्याला धाप आहे, त्याचा आकडा ९४ आला तरी "आकडा बरा आहे" म्हणून त्याला घरी ठेवू नये. जीभ, ओठांची आतली बाजू आणि नखांची मुळे पाहावीत. ती निळसर-करडी दिसली तर यंत्राकडे बघण्याची गरजच नाही.

ज्यांचा हिशेब वेगळा

वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात बसलेल्या, बिडी ओढलेल्या किंवा कापसाच्या धुळीत काम केलेल्या माणसांना फुफ्फुसाचा जुना दमा असतो. त्यांच्यापैकी काहींचा चांगल्या दिवसांतही आकडा ९० च्या आसपास असतो. अशांना डॉक्टर ८८ ते ९२ ची मर्यादा ठरवून देतात. त्यांचा नेहमीचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. त्यांनी घरी प्राणवायूचे यंत्र ठेवले असेल, तर आकडा ९८ वर नेण्यासाठी स्वतःच्या मनाने कळ वाढवू नये. जास्त प्राणवायूने अशा रोग्याच्या रक्तात दूषित वायू साठतो, त्याला गुंगी येते आणि श्वास मंदावतो.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी तर नेहमीचा आकडा लिहून ठेवलाच पाहिजे, कारण तो मुळातच थोडा कमी असू शकतो. सिकलसेलच्या रोग्याला ताप, खोकला किंवा छातीत दुखणे सुरू झाले आणि आकडा त्याच्या नेहमीपेक्षा तीनने उतरला, तर फुफ्फुसातील रक्तवाहिन्या अडकत असण्याची शक्यता असते. हे नेहमीचे अंगदुखणे समजून दुखण्याची गोळी देऊन निजवू नये. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि पोचताच "सिकलसेल आहे" हे आधी सांगावे. आणि छातीत जोराचे दुखणे असेल, तर आकडा उतरण्याची वाटही पाहू नये.

लहान बाळांसाठी मोठ्यांचा चिमटा उपयोगाचा नाही. त्यांचे बोट त्यात नीट बसत नाही. बाळ भराभर श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढत नसेल, तर ते पुरे आहे.

आकडा चांगला, तरीही धोका

दोन वेळा यंत्र ९८ दाखवते आणि माणूस संकटात असतो. पहिली वेळ रक्त कमी असण्याची. आपल्या कितीतरी भगिनींच्या अंगात रक्त कमी असते. गाड्याच थोड्या आहेत, पण आहेत तेवढ्या भरलेल्या आहेत. यंत्र भरलेल्यांचे प्रमाण सांगते, गाड्या किती ते सांगत नाही. जिना चढताना दम लागतो आणि आकडा चांगला आहे, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

दुसरी वेळ कोळशाच्या धुराची. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपले, किंवा बंद मोरीत गॅसचा गिझर चालू राहिला, की एक विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. तो हिमोग्लोबिनच्या गाड्यांत प्राणवायूची जागा बळकावतो. यंत्राला हा चोर ओळखता येत नाही. ते गाडी भरलेली पाहते आणि ९८ दाखवते. खोलीतल्या माणसांचे डोके दुखते आहे, उलटी होते आहे, कोणी बेशुद्ध आहे, तर यंत्र शोधत बसू नका. दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर उघड्या हवेत काढा आणि १०८ ला फोन करा.

निघताना

गाडी येईपर्यंत रोग्याला उताणे निजवू नये. उशा लावून बसवावे, पुढे झुकून बसण्यात आराम वाटला तर तसे बसू द्यावे. कपडे सैल करावेत, भोवतीची गर्दी हटवावी. गुंगीत असेल तर तोंडात पाणी किंवा औषध घालू नये. वही, चालू औषधे आणि जुने कागद पिशवीत टाकावेत. डॉक्टरांना वहीतली शेवटची चार ओळींची नोंद दहा मिनिटांच्या सांगण्यापेक्षा अधिक कळते.

पुढील मजकूर कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा, यंत्र तेथेच असते.

घरातल्या प्रत्येकाचा बरे असतानाचा आकडा लिहून ठेवा.
पाच मिनिटे बसवा, एक मिनिट थांबा, मग वाचा. नाडी हाताने पडताळा.
९३-९४ राहिला, किंवा श्वास २४ झाले : आजच डॉक्टर.
९२ किंवा खाली राहिला, किंवा नेहमीपेक्षा झपाट्याने उतरू लागला : ताबडतोब दवाखाना.
९० च्या खाली, किंवा श्वास ३० : १०८.
वाक्य पुरे होण्याआधी धाप, ओठ-जीभ निळसर, छातीत दाब, बरळणे, न उठणारी गुंगी : आकडा काहीही असो, १०८.

यातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. यंत्र कमी दाखवते आणि माणूस ठीक दिसतो, तर पडताळून पाहायला पाच मिनिटे आहेत. यंत्र चांगले दाखवते आणि माणसाला धाप आहे, तर माणसाचे ऐकावे. त्या आजींच्या घरी आता पोराटोरांनाही हे पाठ झाले आहे. आम्ही परवा गेलो तेव्हा धाकट्या नातवाने आमच्याच बोटाला यंत्र लावले, मिनिटभर थांबायला लावले आणि वहीत आमच्या नावाची ओळ केली. ९६ आहे. आमचाही आकडा आता लिहिलेला आहे. तुमचा आहे का?